‘कुणाला सांगू नकोस’ न म्हणता

हे प्रकरण दोन शिक्षिकांचं आहे. कोल्हापुरातल्या एकाच माध्यमिक शाळेत दोघी पंधरा-सोळा वर्षं शिकवतात. एक गणिताच्या बाई, दुसऱ्या चित्रकलेच्या. मी समुपदेशनाचं काम करते. गणिताच्या बाई माझ्याकडे वेगळ्याच कारणासाठी आल्या होत्या. बोलता बोलता हा विषय निघाला आणि मग चित्रकलेच्या बाईंशीही मी स्वतंत्रपणे बोलले. लिहिलेलं दोघींनी वाचलं आहे. ओळख पटू शकेल असे तपशील त्यांच्याच सांगण्यावरून बदलले आहेत. दोघींचं बोलणं मात्र त्यांच्या तोंडचं तसंच ठेवलं आहे. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की आमच्याकडे बायकाही आपसात ‘मी जातो’, ‘मी सांगतो’ असंच बोलतात.

प्रकरणाला दोन भाग आहेत, मध्ये सहा वर्षं गेली. दोन्ही वेळा माणसं तीच होती आणि नातंही तेच. गुपित ठेवायची विनंती दोन्ही वेळा झाली, पण पहिल्यांदा त्या विनंतीने मैत्रीला तडा गेला आणि दुसऱ्यांदा नाही. हा फरक कशाने पडला, ते इथे पाहायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी

गणिताच्या बाईंच्या भावाचा घटस्फोट होणार होता. घरात चार-पाच जणांनाच ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी मैत्रिणीला सगळं सांगितलं, रडूनही घेतलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, “हे बघ, कुणाला सांगू नकोस हं. तू सांगणार नाहीस हे मला माहितीये, पण आपली स्टाफरूम कशी आहे तुला ठाऊकच आहे.” मैत्रीण म्हणाली, “नाही सांगत.”

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित काही बिघडलं नसतं. पण फाटकापाशी स्कूटर काढताना त्या पुन्हा म्हणाल्या, “तेवढं पोटात ठेव.” रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप आला: ‘ते आपल्यातच ठेव प्लीज.’ आणि चार दिवसांनी, मधल्या सुट्टीत, हलक्या आवाजात प्रश्न: “तू कुणाला बोलली नाहीस ना?”

चित्रकलेच्या बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, घाबरलीय बिचारी. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मात्र वाटलं, मी चोर आहे का? नंतर मी तिच्या भावाचं नावच काढलं नाही. न जाणो, विचारलं तर हिला वाटायचं, ही माहिती गोळा करतीय.”

झालेलं नुकसान हे होतं. गुपित फुटलंच नाही, पण ज्या मैत्रिणीजवळ मन मोकळं करायचं, तिनेच त्या विषयापासून अंग काढून घेतलं. पुढे कोर्टाच्या तारखा पडत गेल्या, आई आजारी पडली, तेव्हा गणिताच्या बाईंना बोलायला कुणी उरलं नाही. मैत्रीण दूर का झाली हे त्यांना सहा वर्षं कळलं नव्हतं. मी विचारलं तेव्हाही त्यांचा पहिला प्रतिसाद असा होता: “मी तर तिला म्हटलं होतं की माझा विश्वास आहे!”

म्हटलं होतं, हे खरंच. पण त्याच वाक्यात ‘पण’ होता. “तू सांगणार नाहीस हे माहितीये, पण” असं म्हटलं की पहिल्या अर्ध्यात दिलेलं दुसऱ्या अर्ध्यात काढून घेतलं जातं. ऐकणाऱ्याच्या मनात ‘पण’च्या पुढचं राहतं, आणि पुढे होती स्टाफरूम, म्हणजे चहाड्या करणाऱ्यांची जागा, आणि मैत्रीण रोज तिथेच बसते.

एच. पी. ग्राइस या तत्त्वज्ञाने संभाषणाबद्दल मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवलं की माणसं एकमेकांचं बोलणं ऐकताना ‘हे आत्ता सांगायची गरज काय पडली?’ असा हिशेब मनातल्या मनात करत असतात. गरजेपेक्षा जास्त बोललं गेलं, तर ऐकणारा त्या जादा बोलण्यामागचं कारण शोधतो. शहाण्या माणसाला कुणी ‘दुसऱ्याच्या खिशात हात घालू नकोस’ असं म्हणत नाही. म्हटलंच, तर त्याला प्रश्न पडणार की ही शंका माझ्याबद्दल आलीच कशी. ‘कुणाला सांगू नकोस’ हे एकदा म्हणणं ही माहिती असते, कारण गोष्ट नाजूक आहे हे ऐकणाऱ्याला तोवर ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा म्हणण्यात नवी माहिती शून्य असते. मग ऐकणाऱ्याला त्याचं एकच कारण सापडतं: समोरच्याचा आपल्यावरचा अविश्वास.

‘बोलली नाहीस ना?’ हा प्रश्न तर आणखी टोचतो. त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं आणि समोरच्याने फक्त मान डोलवायची असते. निर्दोष माणसालाही त्या क्षणी आपण सफाई देतोय असं वाटतं.

दुसरी वेळ

जानेवारीच्या शेवटी गणिताच्या बाईंना छातीत गाठ लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सुईची बायोप्सी करायला सांगितली. जागा बधिर करून सुईने गाठीचा छोटा तुकडा काढतात, त्याच दिवशी घरी सोडतात, पण अहवाल यायला आठवडाभर लागतो. घरी मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, सासूबाईंना हृदयाचं दुखणं. नवऱ्याला त्याच दिवशी यंत्रांच्या कामासाठी बाहेरगावी जाणं टाळता येत नव्हतं. सोबतीला कुणीतरी हवं होतं, आणि शाळेतले दोन तास कुणीतरी सांभाळायला हवे होते. दोन्हीसाठी नाव एकच सुचत होतं.

तोवर आमची एक बैठक झाली होती आणि जुना प्रसंग आम्ही उलगडून पाहिला होता. पण काय बोलायचं ते त्यांनी स्वतःच ठरवलं. मी फक्त एक सुचवलं: समोरासमोर बसून बोलू नका, चालता चालता बोला. डोळ्याला डोळा लावून ‘एक गोष्ट सांगायची आहे’ म्हटलं की समोरच्याला लगेच चेहऱ्याने काहीतरी उत्तर द्यावं लागतं. चालताना ते ओझं नसतं.

दोघी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेल्या. संध्यामठाच्या बाजूला गर्दी कमी झाल्यावर गणिताच्या बाई म्हणाल्या:

“एक बोलायचंय. माझ्या तब्येतीचं हाय. थोडे दिवस दोघींतच ठेवायला लागंल, घरीसुद्धा बोलता यायचं नाही. आत्ता तुला एवढं जमंल का? नसंल जमत तर तसं सांग, आपण नुसतं फिरू.”

मैत्रीण म्हणाली, “बोल की.”

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच वाक्य, कारण ते गुपिताच्या आधी आलं. पहिल्या वेळी अट नंतर आली होती. सगळं ऐकून झाल्यावर ‘सांगू नकोस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पर्याय राहत नाही, तिच्या गळ्यात न विचारता जबाबदारी पडलेली असते. आधी विचारलं की ती स्वतः होऊन ‘बोल’ म्हणते, आणि स्वतः घेतलेल्या जबाबदारीवर पहारा ठेवायची गरज भासत नाही. शिवाय ‘घरीसुद्धा नाही’ ही सर्वांत अवघड अट तिला आधी कळली. नवऱ्यापासून काही लपवायचं नसेल, तर ‘नको बाई, मला नाही जमणार’ म्हणायला तिला जागा होती. ही जागा खरी असावी लागते. ‘नसेल जमत तर सांग’ असं म्हणायचं आणि ‘नाही जमणार’ ऐकून रुसायचं, तर आधी विचारण्याला काही अर्थ उरत नाही.

मग त्यांनी गाठीचं सांगितलं आणि त्याच ओघात पुढचं:

“रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी येतोय. तोवर आत्यांना कळलं तर त्यांची छाती धडधडाय लागंल, आणि पोरगी पेपरात काय लिहिणार? काय असंल ते मीच सांगणार हाय त्यांना, माझ्या तोंडानं. आत्ता हे डॉक्टरांना, ह्यांना आणि तुला, एवढ्यांनाच माहितीये.”

या बोलण्यात ‘सांगू नकोस’ कुठेच नाही. गुप्ततेचं कारण मैत्रिणीच्या तोंडात ठेवलेलं नाही, ते आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, छातीत आणि मुलीच्या पेपरात आहे. ऐकणारीला कळतं की गोष्ट बाहेर का जायला नको, आणि ही गुप्तता तिच्या स्वभावामुळे नाही हेही कळतं. कोण कोण जाणतं तेही उघड केलं आहे. त्याने व्यवहारातली एक मोठी अडचण सुटते: या तिघांपैकी कुणी बोललं तर घाबरायचं नाही, आणि या तिघांपलीकडे कुणी विषय काढला तर ती व्यक्ती अंदाज घेतेय हे ओळखायचं. मुदतही दिली आहे. शुक्रवार. संपण्याची तारीख नसलेलं गुपित ठेवणं कुणालाही जड जातं, आठ दिवसांचं ठेवायला सोपं असतं.

मराठीने इथे एक मदत केली आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारी आत येते. ‘सांगू नकोस’ हा हुकूम बोलणारीकडून ऐकणारीकडे जातो, दोघी दोन बाजूंना उभ्या राहतात. ‘दोघींत ठेवू’, ‘आपल्यात राहू दे’ म्हटलं की दोघी एका बाजूला येतात आणि गोष्ट मधोमध राहते. तशीच ‘इतक्यात कुठं बोलायला नको’ ही रचनाही चांगली. तिच्यात कुणाचंच नाव नसतं आणि ‘इतक्यात’मुळे मुदत आपोआप येते. पण शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. सहा वर्षांपूर्वीच्या व्हॉट्सअॅप निरोपातही ‘आपल्यातच’ होतं. तिसऱ्यांदा आल्यामुळे ते टोचलं.

शपथेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ‘माझ्या गळ्याची शपथ घे’ हे आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं, पण शपथ मागणं म्हणजे साधा शब्द पुरत नाही असं सांगणं. मैत्रिणीकडे ती मागू नये.

अडचण आली ती

मैत्रीण बराच वेळ गप्प चालली. मग म्हणाली, “ह्यांच्यापासून मी काय लपवत नाही गं. रात्री चेहरा बघूनच विचारतील.”

ही अडचण जवळजवळ प्रत्येक गुपितात येते आणि बहुतेक वेळा कुणी बोलून दाखवत नाही. सांगणारी धरून चालते की ‘कुणालाही नाही’मध्ये नवरा आला. ऐकणारी धरून चालते की नवरा म्हणजे ‘कुणी’ नव्हे. दोघी प्रामाणिक असतात आणि तरीही भांडण होतं. खासगी माहितीच्या देवाणघेवाणीवर दीर्घकाळ काम केलेल्या सँड्रा पेट्रोनियो या अमेरिकन अभ्यासक म्हणतात की ज्याला गुपित सांगितलं तो त्या गोष्टीचा सहमालक होतो, आणि सहमालकांनी कुंपण कुठे घालायचं हे आपसात ठरवलं नाही की घोटाळे होतात. या दोघींना कुंपण ठरवायची संधी मिळाली, कारण मैत्रीण मोकळेपणाने बोलली. आणि ती बोलू शकली, कारण आधी ‘जमंल का’ असं विचारलं गेलं होतं.

गणिताच्या बाई म्हणाल्या, “तुझ्या ह्यांना कळलं तर मला चालतंय. पण दोघं एकाच कट्ट्यावर बसतात, आणि आमच्या ह्यांना अजून कुणापुढं बोलायचा धीर नाही. आज रात्री मी ह्यांना विचारतो आणि उद्या तुला सांगतो. एक रात्र निघंल का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, “ह्यांचं काही नाही म्हणाले. फक्त कट्ट्यावर विषय नको.” एका रात्रीत ते मिटलं.

दुसरा प्रश्न मैत्रिणीने विचारला: “शाळेत कुणी विचारलं, तर काय सांगू?” इथे पुष्कळ लोक खोटं कारण हातात देतात. ‘लग्नाला गेलीय म्हण’, ‘बँकेचं काम आहे म्हण.’ मग गुपित सांभाळणाऱ्या माणसाला खोटं बोलावं लागतं. त्याला लाज वाटते, आणि उद्या दुसऱ्या कुणी वेगळं कारण सांगितलं तर उघडा तोच पडतो. गणिताच्या बाईंनी दिलेलं वाक्य खरं होतं: “रजेवर हाय एवढं सांग. का म्हणून विचारलं तर म्हण, तिलाच विचारा.” मैत्रिणीवर खोटं बोलायची वेळ आली नाही.

त्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर गाठीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असंही ठरलं. कारण सरळ होतं: “पोरगी अभ्यासाचे फोटो बघायला माझा फोन घेती.” हेही कारण स्वतःच्या घरातलं. ‘तुझ्या फोनमधून जाईल’ असं म्हटलं असतं तर काम तेच झालं असतं, पण बोट मैत्रिणीकडे गेलं असतं.

परीक्षेचा क्षण

बायोप्सीच्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी गणिताच्या बाईंना बोलावून हळूच विचारलं, “तब्येत बरी आहे ना? काल दवाखान्यात होतात म्हणे.”

त्यांच्या पोटात खड्डा पडला. मनात पहिलं नाव आलं ते मैत्रिणीचंच. हे त्यांनी मला लपवून न ठेवता सांगितलं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण असा विचार येणं हा गुन्हा नाही. सहा वर्षांपूर्वी त्या तडक जाऊन विचारत्या झाल्या असत्या, “तू बोललीस?” या वेळी त्यांनी आधी मुख्याध्यापिकांनाच विचारलं, “तुम्हाला कुणाकडनं कळलं?” शाळेतल्या एका लिपिकाने दोघींना दवाखान्याच्या दारात पाहिलं होतं. तो आपल्या आईला घेऊन तिथेच आला होता.

मग त्या मैत्रिणीकडे गेल्या आणि म्हणाल्या, “आपल्या लिपिकानं काल दोघींना बघितलंय. मोठ्या बाईंनी विचारलं, मी तपासणी होती एवढंच बोललो. तुला कुणी विचारलं तर तूही एवढंच सांग.” म्हणजे बातमी कुठून आली, कितपत गेली आणि आता काय बोलायचं, ही तिन्ही माहिती मैत्रिणीला दिली. तिची चौकशी केली नाही. चित्रकलेच्या बाई मला म्हणाल्या, “मला त्या क्षणी कळलं की हिनं माझ्यावर आळ घेतला नाही. मी तर दचकलोच होतो, म्हटलं आता विचारणार.”

बातमी मैत्रिणीकडूनच गेली असती तर? ही शक्यता मी दोघींसमोर मांडली. माझं म्हणणं असं की एकदा शब्द मोडलेल्या माणसाला पुढचं नाजूक गुपित सांगूच नये. विश्वास नसताना विश्वासाची भाषा वापरली तर ती खोटी ठरते, आणि ती खोटी आहे हे समोरच्याला कळतं. अशा माणसाला दहा सूचना देऊन सांगण्यापेक्षा न सांगणं दोघांसाठी बरं.

आणखी एक मर्यादा, शिक्षिका असल्यामुळे दोघींना ती नेमकी ठाऊक होती. सगळीच गुपितं ठेवायला मागता येत नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यातल्या कलम १९प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘आपल्यात ठेव’ अशी विनंती करायची नसते आणि झाली तरी मान्य करायची नसते. कुणाच्या जिवाला धोका असेल तिथेही तेच. ‘आधी सांग काय ते, मग ठेवता येईल का बघू’ असं उत्तर मैत्रिणीने दिलं, तर ते अविश्वासाचं समजू नये.

राहून गेलेली गोष्ट

अहवाल शुक्रवारी आला. गाठ कर्करोगाची नव्हती. त्या रात्री गणिताच्या बाईंनी मैत्रिणीला फोन केला. दोघी रडल्या आणि हसल्या. सासूबाईंना त्यांनी आठवड्याने सांगितलं आणि मुलीला शेवटचा पेपर झाल्यावर.

एप्रिलमध्ये, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, दोघी पुन्हा रंकाळ्यावर गेल्या. चालता चालता चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, “ते अजून आपल्यातच हाय का गं?”

गणिताच्या बाईंना आधी कळेना, कशाबद्दल विचारतेय. मग समजलं. मैत्रिणीच्या आईला काही वर्षांपूर्वी छातीच्या कर्करोगाने गाठलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी ‘छातीत गाठ’ हे शब्द ऐकल्यापासून तिला आईजवळ बसून बोलावंसं वाटत होतं, मनात जुनं सगळं वर आलं होतं. पण गुपित तिचं नव्हतं. मुदत शुक्रवारी संपली होती खरी, पण ‘आता मोकळी झालीस’ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून अडीच महिने ती आईशी त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

“अगं, त्या दिवशीच सांगायचंस की!” गणिताच्या बाई म्हणाल्या.

“तू काय बोलली न्हाईस,” मैत्रीण म्हणाली, “म्हणून मी थांबलो.”

त्या दिवशी घरी जाण्याआधी दोघी शिवाजी पेठेत मैत्रिणीच्या आईकडे गेल्या. सांगितलं गणिताच्या बाईंनीच.